सकाळची गोळी खिशात

फुलंब्रीला रक्त तपासायला येणारा पेशंट वडोद बाजार किंवा गणोरीहून उजाडताच निघतो. आदल्या दिवशी आपण त्याला एवढेच सांगितलेले असते : "उद्या उपाशी पोटी या." हे वाक्य आपण दिवसातून वीस वेळा बोलतो आणि ते पुरेसे आहे असे धरून चालतो. ते पुरेसे नाही, कारण सकाळच्या गोळ्यांचे काय करायचे हे त्यात येतच नाही. ते पेशंट स्वतः ठरवतो आणि त्याने काय ठरवले हे रिपोर्टवर कुठेच लिहिलेले नसते.

उदाहरणासाठी बासष्ट वर्षांच्या एक मावशी घेऊ. मावशी कल्पित आहेत, पण त्यांच्यासारखी एक तरी तुमच्या ओपीडीत असणारच. साखरेसाठी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० यांची एकत्र गोळी, सकाळी न्याहारीआधी आणि रात्री जेवणाआधी. रक्तदाबासाठी सकाळी टेल्मिसार्टन ४०. तपासणी उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेची.

पहिली सकाळ अशी. मावशींनी "उपाशी" याचा अर्थ निर्जळी असा घेतला. पाणी नाही, गोळीही नाही. साडेनऊला रक्त दिले, साखर १३८. मग मुलाने स्टँडजवळ पोहे आणि चहा दिला. गोळ्या घरीच राहिल्या होत्या. दोन तासांनी दुसरे रक्त दिले, साखर २९१. रक्तदाब १६४/९४. रिपोर्ट हातात घेणाऱ्या डॉक्टरांना दिसते ते असे : उपाशीपोटीची बरी आहे, जेवणानंतरची हाताबाहेर गेली आहे, दाबही वाढला आहे. ग्लिमेपिराइड दुप्पट होते, दाबाच्या गोळीत दुसरी जोडली जाते. दुसऱ्या दिवसापासून मावशी सगळ्या गोळ्या वेळेवर घेतात, वाढीव मात्रेने. पंधरा दिवसांनी खुरपणीत, भाकरीला उशीर झालेला असताना, त्यांना घाम फुटतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

दुसरी सकाळ उलट. मावशींना ठाऊक आहे की साखरेची गोळी "खाण्याआधीची" असते, म्हणून नेहमीप्रमाणे सहाला घेतली. मग जीप, मग रांग. रक्त द्यायला पावणेदहा वाजले. ग्लिमेपिराइडची रक्तातली पातळी गोळी घेतल्यापासून दोन-तीन तासांत शिगेला पोहोचते, म्हणजे नेमकी रांगेत. साखर ६४. डॉक्टर मात्रा कमी करतात. बाई तीच, आजार तोच, औषधही तेच. पण गोळी वाढली की कमी झाली हे एका शब्दाच्या गैरसमजावर ठरले.

दुसऱ्या सकाळचा धोका आपण समजतो त्यापेक्षा जास्त वेळा घडतो. मिशिगन स्टेट विद्यापीठातले डॉ. सालेह अल्दासुकी यांनी रक्ततपासणीसाठी उपाशी निघालेल्या मधुमेहींना वाटेत साखर उतरण्याच्या या प्रकाराला स्वतंत्र नाव दिले आणि आपल्या पेशंटांकडे चौकशी केली. चारांतल्या एकाहून अधिक जणांनी हा अनुभव आल्याचे सांगितले. तिथले पेशंट स्वतःच्या गाडीने येतात. आपले मोटारसायकलवर मागे बसून किंवा उभ्याने एसटीतून येतात.

या दोन तपासण्या काय विचारतात ते आठवले की उत्तर आपोआप मिळते. उपाशीपोटीची साखर रात्रीचा हिशेब मागते : निदान आठ तास पोटात काही नसताना यकृताने किती साखर सोडली आणि रात्रीच्या औषधाने ती किती आवरली. सकाळच्या गोळीचा या हिशेबाशी संबंध नाही, म्हणून ती आधी घ्यायची नाही. जेवणानंतरची साखर वेगळा प्रश्न विचारते : हा माणूस नेहमीचे खाऊन नेहमीचे औषध घेतो तेव्हा काय होते? इथे सकाळची गोळी तपासणीचाच भाग आहे. ती वगळली तर आपण औषधाविना मधुमेह मोजतो आणि तो आकडा औषधाच्या नावावर मांडतो.

म्हणून नियम एकच. जेवणाशी बांधलेले औषध जेवणाबरोबर पुढे सरकते. घड्याळाशी बांधलेले औषध आपल्या वेळेलाच राहते.

जेवणाशी बांधलेल्यांत ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज आणि सकाळचे मिक्स इन्सुलिन येतात. ही घरी ठेवायची नाहीत आणि घरून घेऊनही निघायचे नाही, खिशातून आणायची. पहिले रक्त दिले की गोळी, मग नेहमीची न्याहारी. मिक्स इन्सुलिन असेल तर टोचून नेहमीचे अंतर ठेवायचे आणि खायचे. व्होग्लिबोज पहिल्या घासाबरोबर घेतले तरच काम करते. ते घरी विसरले तर जेवणानंतरच्या आकड्यात तेवढी वाढ दिसणारच. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, ताट संपल्यापासून नव्हे. आदल्या रात्रीचे औषध आणि जेवण नेहमीसारखेच. तपासणी आहे म्हणून संध्याकाळी सहालाच जेवून गोळी मात्र पूर्ण घेतली, तर उपास पंधरा तासांवर जातो. वय जास्त असेल, किडनी कमजोर असेल किंवा आधीची उपाशीपोटीची साखर शंभराच्या आसपास असेल, तर रात्रीच्या मात्रेचा निर्णय आपण आधीच घेऊन लिहून द्यावा.

घड्याळाशी बांधलेली औषधे म्हणजे रक्तदाब, हृदय आणि फिट्स यांच्या गोळ्या, दम्याचा पंप आणि बऱ्याच महिन्यांपासून चालू असलेले स्टिरॉइड. ही पहाटे दोन घोट पाण्याबरोबर घ्यायची. साध्या पाण्याने साखरेचा आकडा हलत नाही. बीटा ब्लॉकर आणि क्लोनिडीन अचानक थांबवल्यास दाब आणि ठोके उसळतात, आणि फिटची एक चुकलेली गोळी रांगेत फिट आणू शकते. इथे शब्दाची अडचण आपल्याच घरातली आहे. एकादशीला चहा आणि साबुदाण्याची खिचडी चालते, निर्जळीला पाणीही चालत नाही. तपासणीला नेमके उलटे : चहा चालत नाही, पाणी चालते. "उपास" म्हटले की पेशंट ओळखीचा उपास धरतो. म्हणून "उपाशी या" याऐवजी "चहा-बिस्कीट नाही, साधे पाणी प्या" असे म्हणावे.

या नियमाला थोडे अपवाद आहेत आणि त्यांत थायरॉईडची गोळी रोजची. लेव्होथायरॉक्सिन घेतल्यावर काही तास रक्तातील टी-४ चढलेले राहते. टीएसएच इतक्यात हलत नाही, पण फ्री टी-४ मागवले असेल तर तो आकडा फसवा येतो. म्हणून तीही खिशात. साखर आणि थायरॉईड एकत्र असतील तर क्रम असा : आठला रक्त, लगेच थायरॉईडची गोळी पाण्याबरोबर, साडेआठला साखरेची गोळी आणि न्याहारी, साडेदहाला दुसरे रक्त. फिटच्या औषधाची रक्तातली पातळी पाहायची असेल तर ती गोळीही रक्त दिल्यानंतर. केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या ५-१० मिलिग्रॅमच्या गोळ्या दोन दिवस आधी थांबवाव्यात. बायोटिनवर आधारलेल्या यंत्रपद्धतीत त्या टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दाखवू शकतात, ट्रोपोनिनही खोटे कमी दाखवू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने याबद्दल २०१७ मध्ये जाहीर इशारा दिला होता. पेशंट या गोळीला औषध समजत नाही, त्यामुळे तिचे नाव घेऊन विचारावे लागते.

सोनोग्राफीला उपाशी ठेवतो ते पित्ताशय भरलेले दिसावे आणि आतड्यात गॅस कमी असावा म्हणून. गोळीचा आणि दोन घोट पाण्याचा त्यात अडथळा नाही. नियम तोच : दाबाची पहाटे, साखरेची सोनोग्राफीनंतर खाताना. लघवी रोखून ठेवायची असेल तर लघवीची गोळी मात्र परत येईपर्यंत थांबू द्यावी.

जास्त गोंधळ सीटी स्कॅनचा. कॉन्ट्रास्ट द्यायचे म्हणजे मेटफॉर्मिन दोन दिवस बंद, असे सरसकट सांगितले जाते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या मार्गदर्शनानुसार ईजीएफआर ३० किंवा त्याहून अधिक असेल आणि किडनीला ताजी इजा नसेल, तर शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टसाठी मेटफॉर्मिन थांबवण्याची गरज नाही. त्याखाली असेल, ताजी इजा असेल किंवा धमनीतून कॅथेटर घालून तपासणी असेल, तर त्या वेळेपासून थांबवावे आणि ४८ तासांनी क्रिएटिनिन पाहून पुन्हा सुरू करावे. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात ईजीएफआर ३० ते ६० असतानाही थांबवण्याची सूचना आहे, त्यामुळे त्या टप्प्यात ज्या केंद्रात स्कॅन आहे तिथल्या रेडिओलॉजिस्टशी आधी बोलून घ्यावे. आपल्याकडे खरी चूक पुढे घडते. मावशींची गोळी एकत्र आहे. त्यांनी मेटफॉर्मिन थांबवले की ग्लिमेपिराइडही थांबते. शहरात जाऊन स्कॅन होतो, पिशवी घेऊन त्या परत येतात, आणि "पुन्हा सुरू करा" हे कुणीच सांगितलेले नसते. थांबवायला सांगतानाच सुरू करायची तारीख त्याच चिठ्ठीवर लिहावी.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा : उपाशी ठेवायची गरज आहे का? एचबीएवनसी, टीएसएच, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन यांना ती नाही. लिपिड प्रोफाइललाही नेहमीच्या तपासणीत नाही, असे युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ मध्ये एकत्र मांडले. ट्रायग्लिसराइड ४४० च्या वर निघाले तरच उपाशीपोटी पुन्हा पाहावे.

गरज असेल, तर चिठ्ठीवर गोळ्यांची नावे लिहून भागत नाही. पेशंट गोळी रंगाने आणि पाकिटाने ओळखतो. म्हणून पाकिटे मागवून घ्यावीत आणि प्रत्येकावर पेनाने एकच शब्द लिहावा : "पहाटे" किंवा "खिशात". बरोबर तीन चमचे साखरेची पुडी द्यावी. हात कापले, घाम आला तर ती लगेच खायची, आज तपासणी बुडाली तरी चालेल, हे तोंडी सांगावे. सल्फोनिलयुरियाची गोळी पोटात असेल तर साखर पुन्हा उतरते, म्हणून पुडीनंतर जेवणही हवे.

उरलेले काम लॅबमध्ये होते. दुसरे रक्त घेताना तंत्रज्ञाने दोनच गोष्टी विचाराव्यात : गोळी घेतली का, आणि पहिला घास किती वाजता. उत्तर रिपोर्टवर आकड्याशेजारी लिहावे. मावशींच्या २९१ पुढे "गोळी घेतली नाही" एवढे तीन शब्द असते, तर ग्लिमेपिराइड दुप्पट झाले नसते. डॉक्टरांनी त्यांना पुढच्या आठवड्यात गोळी खिशात घेऊन यायला सांगितले असते.