साताऱ्याचं कार्ड, पुण्याचं मत

साताऱ्याहून पुण्यात स्थायिक झालेली मंडळी मतदार यादीसाठी हमखास नमुना ६ भरतात आणि तिथंच फसतात. तो पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. जुनं नाव साताऱ्यात तसंच राहिलं, तर नोंद दोन ठिकाणी होते आणि ते कायद्याला चालत नाही. ऑगस्ट २०२२ पासून मतदारसंघ बदललेला असो की ‘पाटील’चं ‘पाटिल’ झालेलं असो, अर्ज एकच: नमुना ८. ओळखपत्राचा क्रमांक जुनाच राहतो. मतदानाला साताऱ्याचं जुनं कार्डही ओळख म्हणून चालतं, स्पेलिंगची किरकोळ चूकही खपते. फोटोच जुळत नसेल, तर आधार किंवा पासपोर्ट दाखवायचा. मात्र त्या केंद्राच्या यादीत नावच नसेल, तर खिशातल्या चकचकीत कार्डावर मत देता येत नाही.