फाउंड्री संपली, असं कोण म्हणालं?

शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभे राहा. एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘ईव्ही आली, आता फाउंड्रीचं काही खरं नाही.’ हे बोलणारा मुलगा डिप्लोमा करून दोन वर्षांपूर्वी कोअर शॉपला लागलेला असतो. ऐकणाराही तसाच. त्यातला एखादा खरोखरच नोकरी सोडतो, पुण्याला जातो आणि मिळेल ते काम धरतो. बरं, हे वाक्य त्यानं ऐकलं कुणाकडून? दुसऱ्या टपरीवरच्या दुसऱ्या मुलाकडून.

आपला धंदा कुठं चाललाय, हा तुमच्या पुढच्या दहा वर्षांचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर ऐकीव गोष्टींवर सोडणं परवडणारं नाही. ते मिळण्याच्या जागा आहेत, आणि त्या वाटतात तेवढ्या महागही नाहीत. कोल्हापूरच्या फाउंड्रीचंच उदाहरण घेऊन बघू या.

पहिली जागा तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन’ ही ओतकामातल्या लोकांची देशभरातली संघटना. स्थापना 1950 ची, मुख्यालय कोलकात्याला, आणि गावोगावी तिची चॅप्टर. कोल्हापूरचं चॅप्टर त्यातलंच एक. शिवाय शिरोलीची ‘स्मॅक’ आणि गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’ या कारखानदारांच्या संघटना आहेतच. अशा ठिकाणी अधूनमधून संध्याकाळची तांत्रिक व्याख्यानं होतात. कधी बाइंडर विकणाऱ्या कंपनीचा माणूस बोलतो, कधी एखाद्या मोठ्या फाउंड्रीचा मेथडिंग इंजिनिअर. फी नसते किंवा नाममात्र असते.

पण तिथं खुर्च्यांवर बसलेले बहुतेक जण मालक आणि मॅनेजर असतात. तुमच्या वयाचं कुणी नसतं, कारण व्याख्यान आहे हेच तुम्हाला कळलेलं नसतं. म्हणून पहिलं काम साधं : आपल्या कारखान्याच्या ऑफिसात जा आणि विचारा, ‘आपली कंपनी संघटनेची सभासद आहे का?’ असेल, तर बऱ्याचदा तिथल्या कर्मचाऱ्यांना सभासदांच्या दरात कार्यक्रमाला जाता येतं. नसेल, तर चॅप्टरच्या सचिवांना गाठा आणि विद्यार्थी किंवा वैयक्तिक सभासदत्वाची फी विचारून घ्या. त्यात संघटनेचं मासिक मिळतं का, तेही विचारा. मासिक हाती आलं की अर्धे पैसे तिथंच वसूल.

दुसरी जागा म्हणजे वार्षिक मेळावा. संघटनेची ‘इंडियन फाउंड्री काँग्रेस’ दरवर्षी वेगवेगळ्या शहरात भरते आणि तिच्या जोडीला ‘आयफेक्स’ हे प्रदर्शन असतं. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पैशाचा सगळा खेळ तिच्यातच आहे. अशा मेळाव्याला दोन दारं असतात. एक परिषदेचं : तिथं शोधनिबंध वाचले जातात, जेवण असतं आणि डेलिगेट फी हजारांत जाते. दुसरं प्रदर्शनाचं : तिथं साधारणपणे आधी नोंदणी केली की मोफत किंवा अगदी थोड्या पैशांत प्रवेश मिळतो. नवखी पोरं परिषदेची फी वाचूनच पत्रक खाली ठेवतात. तुम्हाला पहिल्या वर्षी दुसरं दार पुरेसं आहे. मेळावा पुण्याला असेल, तर साध्या एसटीनं जाऊन-येऊन हजाराच्या आसपास खर्च आणि सोबत घरचा डबा. बंगळूरला असेल, तर मिरजेहून रात्रीची रेल्वे. आणि मेळावा तुमच्याच भागात भरणार असेल, तर यजमान चॅप्टरला नोंदणीच्या टेबलावर, हॉलमध्ये माणसं लागतात. स्वयंसेवक म्हणून नाव द्या. पहिल्या दारातूनही आत जायची संधी मिळू शकते.

मग परिषदेत जे बोललं जातं त्याचं काय? त्यासाठी कार्यक्रमपत्रिका मिळवा. कुठल्या दिवशी कुठल्या विषयावर कोण बोलणार, हे त्यात छापलेलं असतं. मागच्या तीन वर्षांच्या पत्रिका कुणा सभासदाकडून मिळवा, वही घ्या आणि विषय मोजत जा. अ‍ॅल्युमिनियमवर किती निबंध, ग्रे आयर्नवर किती, वाळूच्या पुनर्वापरावर किती, सिम्युलेशनवर किती. निबंध कुणी लिहिलेत तेही बघा. एखादा विषय पहिल्या वर्षी फक्त प्राध्यापकांच्या नावावर असेल आणि तिसऱ्या वर्षी त्यावर कारखान्यांतले इंजिनिअर बोलत असतील, तर तो विषय कारखान्यात उतरला, असं समजायला हरकत नाही. उलट, तीन वर्षं तोच विषय फक्त मशीन विकणारे मांडत असतील, तर अजून थांबा.

आता प्रदर्शनात शिरू या, कारण फसगत इथंच होते. हॉलमध्ये सगळंच ‘भविष्य’ म्हणून मांडलेलं असतं. शेवटी तो विक्रीचा बाजार आहे. समजा, तुम्ही वाळूच्या थ्रीडी प्रिंटिंगच्या स्टॉलसमोर आलात. मशीन वाळूचा पातळ थर पसरतं, त्यावर हव्या त्या जागी बाइंडर सोडतं, मग पुढचा थर. असं करत कॉम्प्युटरवरच्या डिझाइनवरून थेट साचा किंवा कोअर तयार. पॅटर्नच लागत नाही! तुमचा मित्र पॅटर्न शॉपला असेल तर त्याच्या पोटात गोळाच येईल.

अशा वेळी स्टॉलवरच्या माणसाला तीन प्रश्न विचारा. हे मशीन आपल्या भागात कुणाकडे चालू आहे? त्यावर कुठला पार्ट बनतो? दिवसाला किती नग निघतात? उत्तरं ऐकलीत की चित्र साफ होतं. ही पद्धत नमुन्याच्या पार्टला, पाच-दहा नगांच्या ऑर्डरला, गुंतागुंतीच्या कोअरला उत्तम. पण जिथं चांगली मोल्डिंग लाइन तासाला शंभराहून जास्त साचे काढते आणि तोच पार्ट हजारोंनी लागतो, तिथं थर-थर करून साचा छापणं ना वेळेत बसत ना पैशात. म्हणजे पॅटर्नचं काम उद्या बंद पडत नाही. पण नमुन्याचं, पहिल्या नगांचं काम मात्र हळूहळू लाकडाकडून कॉम्प्युटरकडे सरकतंय. पॅटर्न शॉपच्या मुलानं घाबरून नोकरी सोडायची गरज नाही. कॅड शिकून घ्यायची आहे.

शेजारीच सिम्युलेशन सॉफ्टवेअरचा छोटासा स्टॉल असेल. तिथं चकचकीत मशीन नाही, म्हणून गर्दीही नाही. धातू ओतल्यावर तो साच्यात कसा भरेल, कुठला भाग आधी गोठेल, कुठं आकसून पोकळी राहील, हे ओतण्याआधीच स्क्रीनवर दिसतं. तेच तीन प्रश्न इथं विचारा. बहुधा नावं आपल्याच भागातली निघतील. मग चौथा प्रश्न : ‘हे घ्यायला लोकांना कोण भाग पाडतं?’ उत्तर ‘गिऱ्हाईक’ असं आलं, म्हणजे ऑर्डर देण्याआधी गाडी किंवा पंपाची कंपनीच रिपोर्ट मागते असं कळलं, तर दिशा पक्की. जे गिऱ्हाईक मागतं ते येतंच. जे फक्त विकणारा सांगतो ते येईलच असं नाही.

हाच नियम ईव्हीलाही लावा. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ब्लॉक नाही, सिलिंडर हेड नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नाही. हे खरं आहे आणि फक्त गाड्यांचे हेच पार्ट ओतणाऱ्या फाउंड्रीला काळजी करायलाच हवी. पण ट्रॅक्टर, जनरेटर, पंप, व्हॉल्व्ह, मशीनचे बेड, पवनचक्कीचे हब हे सगळं ओतकामच. मोटरचं हाउसिंगही ओतकामच, फक्त ते बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणजे वेगळी भट्टी, वेगळी डाय, वेगळं कसब. म्हणून प्रश्न ‘फाउंड्री राहील का’ हा नाही. ‘माझी फाउंड्री कुठले पार्ट ओतते’ हा आहे. सोमवारी कामावर गेलात की डिस्पॅचच्या रजिस्टरवर नजर टाका. आपल्या मालातला किती भाग गाडीच्या इंजिनात जातो? टपरीवरच्या दहा चर्चांपेक्षा ही एक नोंद जास्त सांगेल.

जाण्याआधी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. काही प्रदर्शनांत विद्यार्थ्यांना ठरावीक दिवशीच सोडतात, आधी विचारून घ्या. शेवटच्या दिवशी दुपारनंतर जाऊ नका, लोक सामान बांधत असतात. नाव, विभाग आणि फोन एवढंच छापलेली साधी कार्डं सोबत ठेवा. आणि आपल्या कारखान्यातल्या पार्टचा फोटो किंवा ड्रॉइंग कुणाला दाखवू नका. ते गिऱ्हाइकाचं असतं, नोकरीवर बेतू शकतं. ‘एवढ्या जाडीचा भाग आहे, इथं ब्लो होल येतात’ असं तोंडी सांगितलं तरी समोरचा जाणकार लगेच ओळखतो. त्याच्या उत्तरातून तुम्ही शिकता आणि तुमच्या प्रश्नातून तो तुम्हाला ओळखतो.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो तुमच्यासाठी नाही. ‘पोरं टिकत नाहीत’ अशी तक्रार मालक मंडळी नेहमी करतात. मग पुढच्या व्याख्यानाला जाताना गाडीत एक जागा रिकामी का? कोअर शॉपमधल्या एका मुलाला सोबत न्या. चॅप्टरवाल्यांनीही व्याख्यानाचा कागद फक्त ऑफिसात न पाठवता टाइम ऑफिसच्या बोर्डावर लावायला सांगावं. त्याला एक टाचणी लागते, बाकी काही नाही.

आणि तो कागद बोर्डावर लागेपर्यंत तुम्ही मित्रांनो, वाट बघत बसू नका. उद्या जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात जाऊन तो एक प्रश्न विचारा : आपली कंपनी सभासद आहे का?