नऊने भाग जाणारी चूक

आज खतापाण्याऐवजी उसाच्या हिशेबाची एक गोष्ट सांगतो. गोष्ट रचलेली आहे. आकडे मात्र पोरांच्या पाटीवर मांडून ताडून पाहा.

एका साखर कारखान्यात रात्रपाळीला हिशेबनीस बाई होत्या. पहाटे चारला त्यांनी काट्यावरच्या ९६ वजनपावत्यांची बेरीज केली. ती आली ११,८४,६३० किलो. नोंदवहीची बेरीज मात्र ११,८१,९३०. वरून खाली केली, खालून वर केली, पुन्हा तेच. पावत्या मोजल्या, नोंदी मोजल्या. दोन्ही ९६च भरल्या.

काटेवाला म्हणाला, "बाई, आता सकाळी बघा की."

"अहो, दोन हजार सातशे किलो ऊस आहे कुणाचा तरी. टनाला तीन हजार धरले तरी आठ हजार शंभर रुपये झाले."

मग बाईंनी बेरजेचा नाद सोडला आणि फरकाकडे पाहिले. फरक २,७००. दोन नि सात नऊ, म्हणजे नऊने भाग जाणार. शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. ७३ चे ३७ लिहा, फरक ३६. दहाच्या घरातला अंक एकच्या घरात आला की त्याच्या प्रत्येक एकामागे नऊ घटतात आणि वर गेलेल्याच्या मागे नऊ वाढतात, एवढेच त्यातले इंगित.

२,७०० ला नऊने भागले, आले ३००. यातला तीन म्हणजे त्या दोन अंकांमधले अंतर. आणि तो शेकड्यावर आहे, तेव्हा उलटापालट शतक-हजाराच्या घरात. वहीची बेरीज कमी, म्हणजे वहीत शतकाचा अंक हजाराच्या अंकाहून तिनाने मोठा असणार. अशा नोंदी सातच निघाल्या. पाचवी पावतीशी लावली तर पावतीवर १८,५२० आणि वहीत १५,८२०!

आता, ५,००० चे ५०० लिहिले तरी फरक नऊने तुटतो. म्हणून हा नुसता सुगावा, पावती पाहिल्याशिवाय पुरावा नव्हे. आणि एकाचा ऊस दुसऱ्याच्या खात्यावर चढला, तर बेरीज तंतोतंत जुळते. ती चूक कोणत्याही बाईंना वहीत दिसायची नाही. ती सापडेल तुमच्या खुंटीवरच्या पावत्यांत. पंधरवड्याचे बिल आले की एकेक खेप पावतीशी लावून बघावी, नुसता एकूण आकडा नव्हे.

बाईंनी खाडाखोड केली नाही. चुकीच्या आकड्यावर वाचता येईल अशी एकच रेघ मारली, वर १८,५२० लिहून सही केली आणि काटेवाल्याचीही सही घेतली. तोवर नव्या पाळीच्या गाड्या काट्याशी येऊन थांबल्या होत्या.