शिबिराचे सात दिवस आणि हजेरीचा हिशेब

राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली झाला. तिचे सात दिवसांचे विशेष शिबिर सहसा दत्तक गावात भरते. कोल्हापुरातील विद्यार्थी या शिबिराला निघताना वर्गशिक्षकांपुढे संकोचाने उभा राहतो, जणू काही भीकच मागायची आहे! वस्तुतः हा साधा हिशेब आहे.

समजा, एका विषयाचे ६० तास झाले. ७५ टक्के हजेरीसाठी ४५ तास हवेत. विद्यार्थ्याचे ४३ भरले आणि ४ तास शिबिरात गेले. ते धरले तर ४७ होतात, न धरले तर सेवा करणाराच अपात्र ठरतो.

मात्र अर्ज शिबिरापूर्वीच द्यावा, सोबत कार्यक्रम अधिकाऱ्यांचे पत्र जोडावे आणि परतल्यावर शिबिरातील उपस्थितीचा दाखला सादर करावा. सत्राच्या अखेरीस पुढे केलेल्या कागदाविषयी शिक्षकांना शंका आली, तर ती रास्तच होय.

सवलतही शिबिरात प्रत्यक्ष घालवलेल्या दिवसांपुरतीच असावी. एरवीच्या दांड्यांवर सेवेचे पांघरूण घालणे हा सेवेचाच अपमान आहे. बुडालेला पाठ भरून काढण्याचे दायित्व मात्र विद्यार्थ्याचेच. हजेरी मिळाली म्हणून अभ्यास होत नाही.