चाळीस रुपयांचं पाणी : आमच्या मुलांचं पहिलं चित्रपुस्तक कसं असावं?

'जातीचा विषय लहान मुलांना कशाला?' हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. विचारणारे बहुधा सज्जन असतात. त्यांना मुलांचं बालपण जपायचं असतं. कोणाच्या मुलांचं, हे मात्र ते सांगत नाहीत. 1901 साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला लहानगा भीम स्टेशनवर उतरला, तेव्हा त्याचं वय दहाच्या आसपास होतं. बरोबर भावंडं होती, अंगावर चांगले कपडे होते. तरीही वाटेत प्यायला पाणी मिळालं नाही. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. जात ज्या वयात मुलाचं पाणी तोडते, त्या वयात ती मुलाच्या पुस्तकातही यायला हवी. एवढं सांगून हा वाद आम्ही इथे संपवतो, कारण आज आम्हाला आपल्याच माणसांशी बोलायचं आहे.

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात, सवसारख्या गावात, हातात चित्रकला असलेले आईबाप आहेत. जयंतीचे फलक ते रंगवतात, मुलांच्या वह्यांत चित्रं काढून देतात. आपलं एक पुस्तक छापून यावं असं त्यांना वाटतं. पण पुस्तक काढायचं ठरलं की बहुतेक जण एकाच वाटेने जातात. पहिल्या पानावर महूचा जन्म, मग शाळा, परदेश, चवदार तळं, संविधान, दीक्षा आणि शेवटी महापरिनिर्वाण. दर पानावर एक प्रसंग आणि खाली दहा ओळी. हे चित्रपुस्तक नाही, सचित्र चरित्र आहे. पासष्ट वर्षांचं आयुष्य चोवीस पानांत कोंबलं की एकाही प्रसंगाला जागा उरत नाही. मुलाला तारखा मिळतात, गोष्ट मिळत नाही.

सहा वर्षांच्या मुलाच्या पुस्तकाला एकच प्रसंग लागतो आणि त्या प्रसंगात हातात धरता येईल अशी एक वस्तू लागते. ती वस्तू आपल्या दाराशीच आहे. सव हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. तिथून महाड जवळ आणि महाडात चवदार तळं. 19 आणि 20 मार्च 1927 ला महाडात परिषद भरली, तेव्हा तळं भरलेलं होतं. 1923 च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने ते सर्वांना खुलं केल्याचा ठरावही केला होता. तरीही परिषदेला आलेल्या माणसांसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. धनंजय कीरांच्या चरित्रात ही नोंद आहे. मोठी माणसं ती वाचून पुढे जातात. मूल पुढे जाणार नाही. ते विचारेल, 'तळं तिथेच होतं ना, मग पाणी विकत का घेतलं?' ज्या बीजातून मुलाच्या तोंडी असा प्रश्न येतो, ते चित्रपुस्तकाचं बीज. समता, न्याय, हक्क यांपैकी एकही शब्द न वापरता ते मुलाच्या हातात देता येतं.

आता हे पुस्तक पानावर कसं उतरेल ते पाहू. साध्या आकाराचे सहा कागद एकात एक घालून मधोमध दुमडा आणि घडीवर शिवा. चोवीस पानांची कोरी वही तयार होते. पहिलं पान नावाचं. चोविसावं पान माहितीसाठी राखून ठेवा. मध्ये समोरासमोरच्या पानांच्या अकरा जोड्या उरतात. त्या अकरा जोड्या म्हणजे तुमची सगळी जागा. गोष्ट त्यात बसत नसेल तर पानं वाढवू नका, गोष्ट कापा.

नायक कोण? चित्रकाराला इथे सहा वर्षांची मुलगी काढावीशी वाटेल, वाचकाला जवळची म्हणून. पण कीर लिहितात की पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत माणसं शंभर-शंभर मैलांवरून खांद्याला भाकरी बांधून आली होती. तेव्हा नायक पंधरा वर्षांचा दादा घ्या. लहान बहीण पहिल्या जोडीत घरीच राहील, चुलीपुढे आईजवळ बसून भाकऱ्या मोजत. वाचणारं मूल तिच्या डोळ्यांनी दादाला निरोप देईल. इतिहासही मोडत नाही आणि मूलही गोष्टीत येतं.

दुसऱ्या जोडीत डोंगरवाटा आणि माणसांच्या रांगा. तिसऱ्या जोडीत मांडव, मार्चचं ऊन आणि दादाला लागलेली तहान. चौथ्या जोडीत फक्त हात : एका हातातून दुसऱ्या हातात पडणारी नाणी आणि शेजारी पाण्याचं भांडं. मजकूर एकच, 'चाळीस रुपये.' पाचव्या जोडीत पान उलटताच दोन्ही पानं भरून तळं. काठावर एक गाय पाणी पिते आहे, एक बगळा पितो आहे. इथे एकही शब्द नको. सहाव्या जोडीत दादाचा प्रश्न, सातव्या जोडीत शिस्तीत निघालेली रांग. आठव्या जोडीत बाबासाहेबांची ओंजळ. नवव्या जोडीत हजारो ओंजळी आणि पाण्यावर पसरलेली वर्तुळं.

बहुतेकांना पुस्तक इथे संपवावंसं वाटेल. त्याला आमचा विरोध आहे. त्याच दिवशी, देवळात घुसणार अशी अफवा पसरवून जमावाने मांडवातल्या माणसांवर हल्ला केला, अन्न मातीत मिसळलं, भांडी फोडली. पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या एकशे आठ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. हे वगळणारं पुस्तक मुलाला सांगतं की एकदा पाणी प्यायलं आणि सगळं मिटलं. ते खोटं आहे. पण रक्त आणि काठ्या काढून सहा वर्षांच्या मुलाला भेदरवायचीही गरज नाही. दहाव्या जोडीत मातीत पडलेली भाकरी काढा. तीच भाकरी, जी पहिल्या जोडीत बहिणीने मोजली होती. मूल ती ओळखेल आणि काय झालं ते त्याला कळेल. अकराव्या जोडीत त्या घागरींची रांग, आणि परतलेल्या दादाला बहिणीने विचारलेला प्रश्न : 'पाणी कशानं बाटलं?' उत्तर छापू नका. ते घरात द्यायचं आहे. चोविसाव्या पानावर चार ओळींत सांगा की हा खटला दहा वर्षं चालला आणि 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

चित्रांबद्दल दोन गोष्टी. 1927 च्या मार्चमध्ये बाबासाहेब पस्तीस वर्षांचे होते. आपला हात सवयीने पुतळ्यातले बाबासाहेब काढतो : निळा कोट, चष्मा, वर केलेलं बोट, काखेत संविधान. त्या दिवशी संविधान जन्मायचं होतं. तरुण माणूस काढा, पाण्याकडे वाकलेला. आज दिसतं तसं बांधलेलं तळंही तेव्हाचं म्हणून काढू नका. आणि ती ओंजळ बरोबर मधोमध काढाल तर ती शिवणीच्या घडीत गिळली जाईल. मुख्य हात, मुख्य चेहरा घडीपासून दोन बोटं तरी बाजूला हवा. वहीत काढून पाहिलं की हे लगेच कळतं, सुट्या कागदावर कळत नाही.

दुसरी गोष्ट 'भीमायन'ची. नवयान प्रकाशनाने 2011 साली काढलेलं हे पुस्तक दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांनी चितारलं. त्यांनी चित्रांना चौकटीत कोंडायला नकार दिला. प्रेमाच्या बोलण्याला पाखराच्या आकाराचे फुगे दिले आणि विषारी बोलण्याला विंचवाची नांगी. ते मोठ्या मुलांचं पुस्तक आहे आणि त्याची नक्कल करायची नाही. शिकायचं ते इतकंच, की त्यांनी आपल्या घरच्या रेषेतून बाबासाहेब सांगितले. तुमचा हात फलक रंगवून तयार झाला असेल, तर ती जाड रेष आणि तो सपाट रंगच तुमचा आहे. परदेशी पुस्तकांतले गुलाबी गालांचे चेहरे उसने आणू नका.

वही झाली की एक परीक्षा घ्या. मजकूर कागदाने झाका आणि गोष्ट न ऐकलेल्या मुलाला नुसती चित्रं दाखवा. काय चाललंय ते त्याला सांगू द्या, तुम्ही बोलू नका. जिथे मूल बरोबर सांगतं, तिथला मजकूर काढून टाका. 'सत्याग्रहींच्या मनात समतेची ज्योत पेटली होती' असली वाक्यं इथेच गळतात. जिथे मूल अडतं, तिथे आधी चित्र बदला. तरीही अडलं तरच एक वाक्य द्या. सगळं पुस्तक तीनशे शब्दांत मावायला हवं. मूल पान उलटायची घाई करत नसेल, तर आधीच्या पानाने प्रश्न निर्माण केलेला नाही असं समजा.

प्रकाशकाकडे जाताना चोवीस पानं रंगवून नेऊ नका. कच्ची वही, मजकूर आणि पूर्ण रंगवलेली दोन-तीन चित्रं पुरतात. सगळं रंगवून नेलं आणि त्याने एक जोडी बदलायला सांगितली, की महिन्यांची मेहनत वाया जाते. करार वाचल्याशिवाय सही नको. चित्रं आणि शब्द तुमचे, म्हणून त्यांचा स्वामित्वहक्कही तुमचाच. हक्क किती काळासाठी देता ते लिहिलेलं नसेल, तर 1957 च्या कायद्याप्रमाणे तो पाच वर्षांसाठीच दिला असं मानलं जातं. म्हणूनच पक्के व्यापारी करारात 'कायमस्वरूपी' हा शब्द घालतात. तो शब्द शोधा आणि खोडायला सांगा. ज्या समाजाच्या श्रमावर पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांनी हक्क सांगितला, त्याने आपल्या मुलांची पहिली गोष्ट एकरकमी विकून टाकू नये.

'हा विषय मुलांना झेपणार नाही' असं कोणी म्हणालं, तर वाद घालू नका. चौथी आणि पाचवी जोडी उघडून त्याच्याच घरच्या मुलासमोर ठेवा. एकीकडे नाणी, पान उलटलं की तळं. ते मूल काय विचारतं ते त्यालाच ऐकू द्या.

जय भीम.