मालकीणच रजेवर जाते तेव्हा
प्रसूती रजेचा कायदा अटींत बसणाऱ्या नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा देतो. पार्लरच्या मालकिणीला मात्र आपली रजा स्वतःच उभी करावी लागते. हिशेब तिच्या स्वतःच्या खुर्चीपासून सुरू करावा. समजा, महिन्याच्या दीड लाखाच्या धंद्यातले ७० हजार तिच्या हातचे आहेत, तर धोका त्या ७० हजारांनाच आहे. तिच्या हातची ही गिऱ्हाइकं नुसत्या फोनवर दुसरीकडे सोपवता येत नाहीत. पाचव्या महिन्यापासून गिऱ्हाइकाशी बोलणं मालकिणीने करावं, केसांना रंग हाताखालच्या मुलीने लावावा. पुढच्या खेपेला बोलणंही मुलीनेच, मालकीण फक्त शेजारी. प्रत्येकीचं कार्ड लिहावं: कंपनी, शेड नंबर, डेव्हलपर किती व्हॉल्यूमचा, त्याचं प्रमाण, किती मिनिटं ठेवला, पांढरे केस कुठे रंग धरत नाहीत. ‘नेहमीचा ब्राऊन’ एवढीच नोंद असेल तर पहिल्याच टचअपला मुळं वेगळी दिसतात आणि ती बाई पुन्हा फिरकत नाही. मुलीला या कामावर पगाराखेरीज टक्केवारी द्या. जबाबदारी वाढवून पगार तोच ठेवला, तर ती गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन कामं घेऊ लागली तर नवल नाही. आणि रजेआधी पैसे जमवायला सवलतीची पॅकेजेस मुळीच विकू नका. ते पैसे बाळंतपणात संपतात, पॅकेजमधली फेशियल मात्र तुम्ही नसताना द्यायची राहतात. पगार आणि सामानाचा खर्च चालू, गल्ला रिकामा. नवरीच्या मेकअपचं आगाऊ घेतलं असेल, तर तुमच्या जागी कोण येणार हे त्या घरी आत्ताच सांगा, आणि पटलं नाही तर पैसे परत करा.