चुकीच्या पर्यायाची कैफियत

अंतःस्रावी शरीरक्रियाविज्ञानावरील बहुपर्यायी सराव-प्रश्नांचे जे संच अध्यापकबंधूंकडून या मासिकाकडे प्रसिद्धीसाठी येतात, त्यांतील प्रश्न बहुधा विचारपूर्वक रचलेले असतात आणि उत्तरेही निर्दोष असतात. परंतु उत्तराखालचा खुलासा बरोबर पर्यायाविषयी पाठ्यपुस्तकातील दोन वाक्ये देऊन संपतो, आणि उरलेल्या तीन पर्यायांच्या वाट्याला ‘हे विधान चूक आहे’ एवढाच शेरा येतो. ज्या विद्यार्थ्याने त्या तिहींपैकी एक पर्याय निवडला, त्याला आपण चुकलो एवढे समजते, पण विचाराच्या कोणत्या पायरीवर चुकलो हे समजत नाही. आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या प्रकरणात एका संप्रेरकाचा अंमल कोठे संपतो व दुसऱ्याचा कोठे सुरू होतो याची हद्द एकदा चुकली, की पुढची सारी अनुमाने परस्परांशी सुसंगत असूनही खोटी ठरतात. म्हणून या अंकात एकच प्रश्न घेऊन त्याच्या चारही पर्यायांचा सविस्तर विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रश्नातील मजकूर असा. बत्तीस वर्षांची एक स्त्री अशक्तपणा आणि उठून उभे राहताच येणारी भोवळ या तक्रारी घेऊन येते. चार वर्षांपूर्वी तिच्या बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला होता. त्यानंतर तिला दूध आले नाही आणि मासिक पाळीही परत सुरू झाली नाही. त्वचा फिकट आहे, रक्तदाब ९६/६० आहे. रक्तातील सोडियम १२४ व पोटॅशियम ४.१ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर आहे. सकाळी आठचे कॉर्टिसॉल २ मायक्रोग्रॅम प्रतिडेसिलिटर असून एसीटीएचही कमीच आहे. मुक्त थायरॉक्सिन कमी, टीएसएच मात्र १.६, म्हणजे संदर्भमर्यादेच्या आत आहे. या स्त्रीचे पोटॅशियम प्राकृत का राहिले?

(अ) पोटॅशियम वाढण्याइतका काळ अद्याप लोटलेला नाही.
(आ) उरलेले कॉर्टिसॉल मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉनचे काम करते.
(इ) साठलेल्या पाण्याने सोडियमबरोबर पोटॅशियमही विरळ झाले आहे.
(ई) अल्डोस्टेरॉनचा स्राव मुख्यतः रेनिनच्या नियंत्रणाखाली असतो.

उत्तर ‘ई’ हे आहे. गर्भारपणात पोष ग्रंथीचा अग्रखंड आकाराने वाढतो, पण त्याचा रक्तपुरवठा कमी दाबाच्या प्रतिहारी नीलांमधूनच होत राहतो. अशा स्थितीत प्रसूतीच्या वेळी रक्तदाब एकाएकी कोसळला, की अग्रखंडातील पेशी मरतात, हे हॅरोल्ड शीहान या विकृतिशास्त्रज्ञाने १९३७ साली सविस्तर मांडले. एसीटीएच नाहीसे झाल्यावर अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकाचे आतले दोन थर सुकत जातात. सर्वांत बाहेरचा थर मात्र अँजिओटेन्सिन आणि खुद्द रक्तातील पोटॅशियम यांच्या हुकमावर चालत असल्यामुळे शाबूत राहतो, अल्डोस्टेरॉन तयार होत राहते आणि मूत्रपिंड पोटॅशियम टाकून देत राहते. एवढा खुलासा बहुतेक संचांत सापडतो. आमचा खरा रोख उरलेल्या तिघांवर आहे.

‘अ’ निवडणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात एसीटीएच हा संपूर्ण बाह्यकाचा एकमेव धनी असतो. बाह्यकाचे तिन्ही थर सुकलेच असणार, मग पोटॅशियम का वाढले नाही याचे उत्तर तो काळात शोधतो. त्याला सांगावयाचे ते हे, की अल्डोस्टेरॉन खरोखरच नाहीसे झाले असते तर चार वर्षे हा अवधी कितीतरी पटींनी पुरेसा होता. हाच पर्याय निराळ्या रुग्णात बरोबर ठरू शकतो: दोन्ही अधिवृक्क ग्रंथींत अकस्मात रक्तस्राव झाला, तर पहिल्या काही तासांत पोटॅशियम प्राकृत दिसू शकते. खुलाशात हे वाक्य असले, म्हणजे विद्यार्थ्याला आपला विचार मुळात निरर्थक नव्हता, तो येथे लागू नव्हता, एवढे कळते.

‘आ’ हा चारांतील सर्वांत कसदार पर्याय होय, कारण त्यात अर्धे सत्य आहे. अल्डोस्टेरॉनचा ग्राही कॉर्टिसॉललाही तितक्याच आवडीने धरतो, आणि रक्तात कॉर्टिसॉलचे प्रमाण अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट असते; हे वाचलेला हुशार विद्यार्थी येथे फसतो. त्याच्या वाचनात पुढची पायरी राहून गेलेली असते. मूत्रपिंडातील त्या पेशींत एक विकर कॉर्टिसॉलचे कॉर्टिसोन करून टाकते, आणि कॉर्टिसोन त्या ग्राहीला धरत नाही. त्यामुळे ग्राही अल्डोस्टेरॉनसाठी मोकळा राहतो. शिवाय या स्त्रीत कॉर्टिसॉल मुळातच तळाला गेलेले आहे. हा पर्याय केव्हा खरा ठरेल, हेही लिहावे: अर्बुदातून एसीटीएच बेसुमार स्रवून कॉर्टिसॉल इतके वाढते, की ते विकर पुरे पडत नाही, तेव्हा, किंवा ज्येष्ठमधाचे दीर्घकाळ अतिसेवन होऊन त्यातील द्रव्याने ते विकरच निष्क्रिय होते, तेव्हा. या दोन्ही प्रसंगी पोटॅशियम घसरते आणि रक्तदाब चढतो. ज्येष्ठमध आपल्याकडे घरोघरी असल्याने हा दाखला महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या स्मरणात सहज राहील.

‘इ’ निवडणारा सोडियमचे १२४ वाचून पाणी साठले आहे हे बरोबर ताडतो, आणि तेच अनुमान पोटॅशियमला लावतो. येथे शाब्दिक खंडनापेक्षा गणित करून दाखवावे. सोडियम १४० वरून १२४ वर केवळ पाण्यामुळे आले असे मानले, तर तेवढ्याच विरलीकरणाने ४.१ वर आलेले पोटॅशियम आधी सुमारे ४.६ असले पाहिजे. म्हणजे विरलीकरण जमेस धरूनही दडलेली वाढ निघत नाही. त्यातून शरीरातील बहुतांश पोटॅशियम पेशींच्या आत असल्याने बाहेरची पातळी पाण्याच्या हिशेबाने सरळ उतरतही नाही. अशा दोन ओळींच्या हिशेबाने जी गोष्ट पटते, ती पानभर विवेचनाने पटेलच असे नाही.

याच पर्यायाच्या निमित्ताने एक दुरुस्ती करणे आवश्यक वाटते, कारण काही छापील खुलाशांतही ती चूक आढळते. अल्डोस्टेरॉन शाबूत असेल तर सोडियम कमी का, असे विचारले असता ‘अल्डोस्टेरॉनच्या अभावामुळे’ असे उत्तर दिले जाते, आणि एका पानावर एकाच संप्रेरकाची उपस्थिती व अभाव दोन्ही नांदू लागतात. वस्तुतः कॉर्टिसॉल हे मूत्ररोधी संप्रेरकाच्या स्रावावर दाब ठेवीत असते. तो दाब उठला, की हे संप्रेरक रक्त विरळ असतानाही स्रवत राहते. पोष ग्रंथीच्या पश्चखंडाला स्वतंत्र धमन्यांतून रक्त मिळत असल्यामुळे तो बहुधा बचावलेला असतो. पाणी अडते, सोडियम विरळ होते, आणि मूत्र जेवढे पातळ व्हावयास हवे तेवढे होत नाही. अवटू ग्रंथीच्या मंदावण्याचीही त्यात भर पडते. अशा रुग्णावर मूत्ररोधी संप्रेरकाच्या अनुचित स्रावाचा शिक्का मारून केवळ पाणी तोडले जाते व कॉर्टिसॉल मोजलेच जात नाही, हा प्रमाद रुग्णालयांत घडतो; त्याचे मूळ प्रथम वर्षाच्या त्या एका चुकीच्या वाक्यात असू शकते.

प्रश्नरचनेची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. अ‍ॅडिसनच्या रोगातही, म्हणजे अधिवृक्क ग्रंथी स्वतःच नष्ट झालेली असताना, कित्येक रुग्णांचे पोटॅशियम निदानाच्या वेळी प्राकृत असते. तेव्हा ‘पोटॅशियम प्राकृत आहे, सबब दोष पोष ग्रंथीत आहे’ असे उत्तर अपेक्षिणारा प्रश्न सदोष होय. आमच्या प्रश्नात दोषाचे स्थान कमी एसीटीएच आणि फिकट त्वचा यांनी आधीच निश्चित केले आहे, कारण एसीटीएच वाढले असते तर त्वचा काळवंडली असती. मजकुरातून हे दोन तपशील काढून टाकले, तर तोच प्रश्न अनिर्णित राहील.

त्याच स्त्रीच्या टीएसएचवर दुसरा प्रश्न सहज होतो: उपचारात प्रथम काय द्यावे? ‘टीएसएच प्राकृत, म्हणून अवटू ग्रंथीला काही नको’ हा एक चुकीचा पर्याय. थायरॉक्सिन घटलेले असता टीएसएच चढावयास हवे होते, ते १.६ वर राहणे हेच पोष ग्रंथीच्या अपयशाचे लक्षण आहे, हा त्यावरील खुलासा. ‘थायरॉक्सिन ताबडतोब सुरू करावे’ हा दुसरा चुकीचा पर्याय अधिक धोक्याचा आहे, कारण थायरॉक्सिनने चयापचय वाढतो, कॉर्टिसॉल अधिक वेगाने नष्ट होते, आणि आधीच रित्या असलेल्या रुग्णाला अधिवृक्कसंकट ओढवते. म्हणून हायड्रोकॉर्टिसोन आधी, थायरॉक्सिन नंतर. हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर अडलेले पाणी एकदम सुटून सोडियम फार झपाट्याने चढू शकते, त्यामुळे पहिल्या दिवशी ते वारंवार मोजण्याची ताकीद खुलाशात अवश्य असावी.

असे पर्याय खुर्चीत बसून सुचत नाहीत. आमच्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग असा, की प्रश्न प्रथम पर्यायांविना वर्गात द्यावा, उत्तरे लेखी घ्यावीत, आणि ज्या चुका पुनःपुन्हा आढळतील त्यांनाच पर्यायांचे रूप द्यावे. मग प्रत्येक पर्यायाचा खुलासा लिहिताना समोर एक खराखुरा विचार असतो. परीक्षेनंतर जो पर्याय शेकडा पाचांहूनही कमी विद्यार्थ्यांनी उचलला असेल, तो निकामी समजून बदलावा. चौथी जागा भरण्यासाठी ‘वरीलपैकी एकही नाही’ घालण्याचा शिरस्ता तर सोडूनच द्यावा: त्या पर्यायाला स्वतःचा असा विचारच नसतो, आणि म्हणून त्याचा खुलासाही लिहिता येत नाही.

पुढील अंकापासून सराव-प्रश्नांच्या सदरात, प्रत्येक चुकीचा पर्याय विद्यार्थी कोणत्या विचाराने निवडतो, तो विचार कोठे तुटतो आणि कोणत्या रुग्णात तो खरा ठरला असता, या तिन्ही बाबींचा खुलासा सोबत असेल तेच प्रश्न स्वीकारले जातील. कॅल्शियम व परावटू ग्रंथी या विषयावर आमच्याकडे सध्या एकही असा प्रश्न नाही. अध्यापकांनी तो प्रथम पाठवावा, अशी विनंती आहे.